लीप वर्ष आणि फेब्रुवारीचा एकोणतिसावा दिवस: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

वर्षात नक्की दिवस किती? ३६५ की ३६५ आणि पाव?

दोन्ही नाहीत. ऋतूंचं एक पूर्ण चक्र व्हायला सरासरी ३६५ दिवस, ५ तास, ४८ मिनिटं आणि सुमारे ४५ सेकंद लागतात. पाव दिवस म्हणजे सहा तास. त्याला सव्वाअकरा मिनिटं कमी पडतात. हा फरक लक्षात ठेवा, कारण लीप वर्षाचा निम्मा इतिहास या सव्वाअकरा मिनिटांनी घडवला आहे.

आकडा असा वेडावाकडा का, असंही विचारलं जातं. दिवस ठरतो पृथ्वीच्या स्वतःभोवतीच्या फिरण्यावरून आणि वर्ष ठरतं तिच्या सूर्याभोवतीच्या प्रदक्षिणेवरून. या दोन गतींचा एकमेकींशी काही करार झालेला नाही. एकीने दुसरीला नेमका भाग जावा, असं कोणतंही कारण निसर्गात नाही.

हे वरचे पावणेसहा तास दरवर्षी जातात कुठे?

कुठेच जात नाहीत. आपणच नवं वर्ष लवकर सुरू करतो. ३१ डिसेंबरच्या रात्री बारा वाजता आपण वर्ष संपल्याचं जाहीर करतो, तेव्हा पृथ्वी मागच्या वर्षीच्या जागी पोचलेली नसते. तिला अजून सुमारे पावणेसहा तासांची वाट चालायची असते.

हे डोळ्यांनी पाहायचं असेल तर वसंतसंपाताच्या वेळा एकाखाली एक मांडा. वसंतसंपात म्हणजे मार्चमध्ये सूर्य विषुववृत्त ओलांडून उत्तरेकडे येतो तो क्षण. भारतीय वेळेनुसार २०२४ साली तो २० मार्चला सकाळी ८:३६ ला आला. २०२५ साली त्याच तारखेला, पण दुपारी २:३१ वाजता. २०२६ ची वेळ २० मार्च, रात्री ८:१६. २०२७ ची वेळ मध्यरात्र ओलांडते: २१ मार्च, पहाटे १:५५. दरवर्षी क्षण साधारण पावणेसहा तासांनी पुढे सरकतो. (दोन वेळांमधलं अंतर दरवर्षी अगदी सारखं नसतं. चंद्र आणि इतर ग्रह पृथ्वीला थोडं इकडेतिकडे ओढतात, त्यामुळे काही मिनिटांचा फरक पडतो.)

असंच चालू दिलं तर २०२८ साली वसंतसंपात २१ मार्चला सकाळी पावणेआठच्या सुमारास येईल. पण मध्ये २९ फेब्रुवारी येऊन बसतो. मार्चची प्रत्येक तारीख एक दिवस उशिरा उगवते आणि तोच क्षण आता २० मार्चला, सकाळी ७:४७ ला पडतो. लीप दिवसाचं काम एवढंच. पुढे सरकलेल्या ऋतूला तो पुन्हा जुन्या तारखेवर आणून ठेवतो.

आणि तो दिवस घातलाच नाही तर?

चार वर्षांत एक दिवस, शंभर वर्षांत जवळजवळ चोवीस दिवस. जूनच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात येणारा कोकणातला पाऊस तुमच्या नातवंडांच्या काळात कॅलेंडरवर जूनच्या अखेरीला आणि जुलैत गेलेला दिसेल. पाऊस आपल्या वेळेवरच आलेला असेल, चुकलेलं असेल ते कॅलेंडर. हिजरी वर्षात असा दिवस किंवा महिना घालून ऋतूंशी मेळ घालत नाहीत, म्हणून रमजान कधी थंडीत तर कधी भर उन्हाळ्यात येतो. तिथे ती चूक मानत नाहीत, कारण ते कॅलेंडर ऋतूंसाठी बांधलेलंच नाही.

मग दर चार वर्षांनी एक दिवस घातला की हिशेब मिटला ना?

वरच्या वेळा पुन्हा पाहा. २०२४ साली ८:३६, २०२८ साली ७:४७. चार वर्षांनी मूळ वेळेवर परत यायचं होतं, पण आपण तिच्याही मागे गेलो. चार वेळा पावणेसहा-पावणेसहा तास साठले आणि आपण पूर्ण चोवीस तास उचलून दिले. जास्तीचे दिले, सरासरी पाऊण तास.

पाऊण तास काहीच नाही असं वाटतं. पण १२८ वर्षांत त्याचाच एक अख्खा दिवस होतो.

नेमकी हीच चूक ज्युलियस सीझरच्या कॅलेंडरमध्ये होती. त्याआधी रोममध्ये मधला जादा महिना कधी घालायचा हे धर्माधिकारी ठरवत, आणि आपल्या माणसाला अधिकारपदावर जास्त दिवस ठेवायचं की नावडत्याला लवकर घालवायचं, याचाही त्यात विचार होई. कॅलेंडर ऋतूंपासून इतकं दूर गेलं, की इसवी सनपूर्व ४६ हे वर्ष ४४५ दिवसांचं करावं लागलं. पुढच्या वर्षापासून, अलेक्झांड्रियाच्या सोसिजेनिस या ज्योतिर्विदाच्या सल्ल्याने, चार वर्षांतून एक दिवस असा सुटसुटीत नियम आला. गंमत म्हणजे तो पाळतानाही घोळ झालाच. रोमन लोक मोजताना पहिला आणि शेवटचा असे दोन्ही धरत, त्यामुळे ‘दर चौथ्या वर्षी’चा अर्थ त्यांनी तीन वर्षांनी असा लावला. शेवटी ऑगस्टसने काही लीप दिवस वगळून गाडी रुळावर आणली.

शंभराने भाग जाणारी वर्षं का वगळतात, आणि चारशेने जाणारी परत का घेतात?

१२८ वर्षांत एक दिवस जास्त होतो, म्हणजे ४०० वर्षांत साधारण तीन. ते तीन दिवस काढायचे तर कोणत्या वर्षांतून काढायचे? लक्षात ठेवायला सोपी अशी शतकाची वर्षं निवडली. चारशे वर्षांत अशी चार वर्षं येतात. त्यातली तीन वगळायची, चौथं ठेवायचं. म्हणून १७००, १८००, १९०० ही लीप वर्षं नव्हती, २००० होतं, आणि २१०० नसेल. यापलीकडे त्या नियमात गूढ काही नाही, तो सोयीचा हिशेब आहे. चारशे वर्षांत १०० ऐवजी ९७ लीप दिवस येतात आणि वर्षाची सरासरी ३६५.२४२५ दिवसांवर बसते.

आज हयात असलेल्या कुणीच वगळलेलं शतक पाहिलेलं नाही. २००० साल लीप निघालं आणि ‘चाराने भाग गेला की लीप’ हीच समजूत पक्की झाली. वगळलेलं शतक ज्यांच्या वाट्याला आलं, असं आपल्या ओळखीचं नाव म्हणजे मोरारजी देसाई. एके काळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री आणि पुढे पंतप्रधान झालेल्या मोरारजींचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. चार वर्षांनी १९०० आलं, पण त्या फेब्रुवारीत २९ तारीखच नव्हती. त्यांना खऱ्या तारखेचा पहिला वाढदिवस पाहायला १९०४ उजाडावं लागलं, म्हणजे वयाची आठ वर्षं पूर्ण व्हावी लागली. १९९५ साली वयाच्या ९९ व्या वर्षी ते गेले, तोवर त्यांच्या वाट्याला २९ फेब्रुवारीचे २३ वाढदिवस आले होते.

ऑक्टोबर १५८२ मध्ये दहा दिवस गायब झाले, ते काय प्रकरण?

सीझरच्या नियमात साठत गेलेली ती चूक. ईस्टरचा सण वसंतसंपातावर अवलंबून असतो आणि चर्चने इसवी सन ३२५ च्या नायसियाच्या परिषदेच्या काळापासून संपात २१ मार्चला धरला होता. सोळाव्या शतकात तो प्रत्यक्षात ११ मार्चच्या आसपास येऊ लागला. पोप ग्रेगरी तेरावे यांनी अलोइशियस लिलियस या इटालियन विद्वानाची योजना स्वीकारली. ती तपासून घेण्यात आणि पुढे तिचं समर्थन करण्यात गणिती क्लॅव्हियस यांचा वाटा मोठा. एकाच फटक्यात दहा दिवस वगळले, आणि पुन्हा तसं होऊ नये म्हणून शतकांचा नवा नियम घातला. गुरुवार, ४ ऑक्टोबर १५८२ च्या दुसऱ्या दिवशी शुक्रवार, १५ ऑक्टोबर उजाडला.

इथे वाराकडे नीट पाहा. तारीख दहाने उडी मारते, पण गुरुवारनंतर शुक्रवारच येतो. वारांची साखळी तुटली नाही. जुन्या तारखा तपासताना हीच गोष्ट कामी येते.

स्पेन, पोर्तुगाल यांनी हा बदल लगेच घेतला. प्रॉटेस्टंट इंग्लंड मात्र १७५२ पर्यंत जुन्याच कॅलेंडरवर राहिलं. दरम्यान १७०० साल जुन्या नियमाने लीप होतं आणि नव्या नियमाने नव्हतं, त्यामुळे फरक अकरा दिवसांचा झाला. म्हणून इंग्लंडमध्ये २ सप्टेंबरनंतर एकदम १४ सप्टेंबर आला. आज हा फरक तेरा दिवसांवर गेला आहे. रशियातला नाताळ ७ जानेवारीला येतो तो यामुळेच.

याचा मराठी इतिहासाशी काही संबंध येतो का?

येतो, आणि थेट शिवजयंतीशी येतो. सरकारी शिवजयंती १९ फेब्रुवारीला असते. १६३० सालची ही तारीख जुन्या, म्हणजे सीझरच्या कॅलेंडरची आहे. इंग्रजांनी १७५२ पर्यंत तेच कॅलेंडर वापरलं आणि भारताच्या इतिहासलेखनात त्या काळासाठी तीच पद्धत रूढ झाली. १६३० साली दोन्ही कॅलेंडरांतला फरक दहा दिवसांचा होता. तेव्हा १९ फेब्रुवारीत दहा मिळवा. १६३० हे लीप वर्ष नाही, म्हणजे २८ फेब्रुवारीनंतर १ मार्च. आजच्या कॅलेंडरप्रमाणे तारीख येते १ मार्च १६३०.

हे बरोबर आहे हे कशावरून? वार तपासून. जेधे शकावलीत महाराजांच्या जन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे आणि वार शुक्रवार दिला आहे. आता एक युक्ती. आपल्या कॅलेंडरच्या चारशे वर्षांत एकूण १,४६,०९७ दिवस येतात आणि त्याला सातने बरोबर भाग जातो. म्हणून दर चारशे वर्षांनी तारखांचे वार जसेच्या तसे परत येतात. १ मार्च १६३० चा वार हवा असेल तर फोनवर १ मार्च २०३० उघडून पाहा. शुक्रवार आहे. शकावलीतला वार जुळला.

कुणी १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख आजच्या कॅलेंडरची समजून वार काढला, तर उत्तर मंगळवार येतं. तारखांवरून वाद घालणारे काही जण ‘शकावलीतला वार चुकला’ म्हणतात, तेव्हा बऱ्याचदा मूळ हेच निघतं. संगणकावरची बहुतेक वार काढणारी साधनं आजचाच नियम मागच्या काळाला लावतात आणि तसं सांगतही नाहीत. (१६२७ की १६३० हा वाद निराळा, त्याचा लीप वर्षाशी संबंध नाही.)

६ जून १६७४ चा राज्याभिषेकही जुन्या कॅलेंडरचा आहे. आजच्या हिशेबाने तो १६ जून. पोर्तुगीज मात्र नवं कॅलेंडर वापरत असल्याने, इंग्रजांची आणि पोर्तुगीजांची त्या काळातली पत्रं शेजारी ठेवून वाचताना एकच घटना दहा दिवसांच्या अंतराने दोनदा घडल्यासारखी दिसू शकते. फरक बरोबर दहाचा दिसला की आधी कॅलेंडरवर संशय घ्यावा.

संक्रांत कधी १४ ला, कधी १५ ला का येते?

तेच साठणारे तास. सूर्य मकर राशीत शिरला तो २०२२ साली १४ जानेवारीला दुपारी पावणेतीनच्या सुमारास, २०२३ साली १४ च्या रात्री नऊच्या सुमारास. रात्र झाल्यामुळे पुण्यकाळ दुसऱ्या दिवशी, म्हणून सण १५ ला झाला. २०२४ साली तो क्षण १५ च्या पहाटे तीनच्या आसपास गेला, सणही १५ ला. मग २९ फेब्रुवारी येऊन गेला आणि २०२५ साली वेळ परत १४ जानेवारीला, सकाळी नऊच्या सुमारास आली. लीप दिवसाचा परिणाम जानेवारीत दिसायला पुढचं वर्ष उजाडावं लागतं, कारण तो दिवस फेब्रुवारीअखेरीला घातला जातो.

यात आणखी एक पदर आहे. पंचांगातलं वर्ष नाक्षत्र असतं, म्हणजे सूर्य त्याच ताऱ्यांपाशी परत येईपर्यंतचं. ते ऋतूंच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी मोठं. म्हणून संक्रांत दर सत्तर-बहात्तर वर्षांनी एक दिवस पुढे जाते. स्वामी विवेकानंदांचा जन्म १२ जानेवारी १८६३ चा, आणि तो दिवस मकर संक्रांतीचा होता. याच हिशेबाने १७६१ साली संक्रांत १० जानेवारीच्या आसपास येते. पानिपतची लढाई १४ जानेवारीची, म्हणजे ती संक्रांतीच्या दिवशी झाली असं जे सांगतात ते आजच्या तारखेवरून केलेलं अनुमान आहे. संक्रांत चार दिवस आधीच होऊन गेली होती. २१०० साली लीप दिवस नसल्याने त्यानंतर संक्रांत १६ तारखेलाही दिसू लागेल.

अधिक महिना म्हणजे आपलं लीप वर्षच का?

दुखणं तेच, औषध वेगळं. चांद्र महिना सरासरी साडेएकोणतीस दिवसांचा, बारा महिन्यांचे होतात ३५४. सूर्याच्या वर्षाला अकरा दिवस कमी पडतात. एकेक दिवस घालून इथे भागत नाही, कारण अमावास्या-पौर्णिमा तिथीवर राहिल्या पाहिजेत. म्हणून घालायचा तर महिनाच. ३२-३३ महिन्यांत तेवढी तूट साठते आणि धोंड्याचा महिना येतो. २०२३ साली अधिक श्रावण होता, २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ. ‘दुष्काळात तेरावा महिना’ म्हणतात तो हाच.

तो कुठे घालायचा हेही कुणाच्या मर्जीवर नाही. ज्या चांद्र महिन्यात सूर्य राशी बदलत नाही, तो अधिक. रोमच्या धर्माधिकाऱ्यांना जी पळवाट होती ती इथे राहत नाही. मला स्वतःला हा नियम ग्रेगरीच्या नियमापेक्षा देखणा वाटतो, जरी हिशेबाला तो कितीतरी किचकट असला तरी.

आकाशवाणीवर आणि राजपत्रावर असतं त्या भारतीय राष्ट्रीय कॅलेंडरमध्ये लीप दिवस कुठे?

चैत्रात. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने हे कॅलेंडर सुचवलं आणि ते २२ मार्च १९५७ पासून, १ चैत्र शके १८७९ म्हणून, लागू झालं. शकात ७८ मिळवा. येणारं इसवी वर्ष लीप असेल तर चैत्र ३१ दिवसांचा आणि त्याची सुरुवात २१ मार्चला, एरवी ३० दिवसांचा आणि सुरुवात २२ मार्चला. गुढीपाडव्याच्या चैत्राशी याचा संबंध नाही, तो चांद्र.

जादा दिवस फेब्रुवारीलाच का?

जुन्या रोमन पद्धतीत वर्ष मार्चपासून सुरू होई, म्हणून फेब्रुवारी शेवटचा. सप्टेंबर, ऑक्टोबर या नावांत सात आणि आठ हे अंक अजून दडलेले आहेत, ते त्या जुन्या मोजणीचे. भर घालायची ती वर्षाच्या शेवटी. सीझरच्या काळात मात्र ती २९ तारीख नव्हती. २४ फेब्रुवारी हा दिवसच दोनदा मोजत.

२९ फेब्रुवारीला जन्मलेला सरकारी कर्मचारी निवृत्त कधी होतो?

त्याचं काही अडत नाही. निवृत्ती महिन्याच्या शेवटच्या दिवशी होते, मग फेब्रुवारी २८ चा असो की २९ चा. खरं नुकसान १ मार्चला जन्मलेल्याचं. पहिल्या तारखेचा जन्म असेल तर आदल्या महिन्याच्या अखेरीला निवृत्ती, म्हणून तोही फेब्रुवारीतच घरी बसतो.

संगणकाला हा नियम कसा सांगतात?

एका ओळीत:

```
(y % 4 == 0 and y % 100 != 0) or y % 400 == 0
```

बहुतेक चुका दुसरी अट विसरल्याने होतात. सर्वांत टिकाऊ चूक एक्सेलमध्ये आहे. तिथे २९ फेब्रुवारी १९०० ही कधीच न उगवलेली तारीख ६० व्या क्रमांकावर बसलेली आहे. लोटस १-२-३ या त्याआधीच्या प्रोग्रॅममधली ती चूक, जुन्या फायली जुळाव्यात म्हणून मुद्दाम तशीच ठेवली. एक्सेलमध्ये एखाद्या खान्यात ६० लिहा आणि त्याला तारखेचं रूप द्या, म्हणजे तीच तारीख समोर येईल. याचा अर्थ १ मार्च १९०० च्या आधीच्या तारखांचे वार एक्सेलवर काढू नयेत.

आता तरी नियम अचूक आहे का?

वर्षाला सुमारे सत्तावीस सेकंद जास्त. त्याचा एक दिवस व्हायला तीन हजारांहून जास्त वर्षं लागतात. ४००० साल लीप धरू नये अशी सूचना पूर्वी झाली होती, पण ती कुणी स्वीकारलेली नाही, आणि माझ्या मते घाईही नाही. पृथ्वीचं स्वतःभोवती फिरणं हळूहळू मंदावत आहे, त्यामुळे इतक्या पुढचा हिशेब आज सेकंदात मांडता येत नाही. जवळचा मुक्काम २१०० चा आहे. तोवर चार-चार वर्षांनी मागे सरत वसंतसंपात २०९६ साली १९ मार्चपर्यंत येईल, आणि २१०० चा वगळलेला २९ फेब्रुवारी त्याला परत २० मार्चला नेऊन ठेवेल.